माळकरी घरातला संशय लिहिताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

साताऱ्यातून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी येणारी हस्तलिखिते मी गेली काही वर्षे वाचतो आहे. त्यांत दरवर्षी दोन-तीन लेख असे असतात, की ज्यांचा लेखक कोरेगाव, खटाव, वाळवा किंवा तासगाव तालुक्यातल्या माळकरी घरात वाढलेला असतो, आता त्याची श्रद्धा उरलेली नसते किंवा डळमळीत झालेली असते, आणि घरच्यांचा अपमान न करता त्याला हे लिहायचे असते. यांतले बहुतेक लेख परत करावे लागतात. काही लेखांत घरावर खटला भरलेला असतो, तर काहींत वडिलांना संतपदाला पोचवून शेवटच्या परिच्छेदात संशय गुपचूप मिटवून टाकलेला असतो. दोन्हींतली चूक क्रमाची आहे. लेखकाचे मत आधी ठरते आणि घर मागाहून त्यात बसवले जाते.

योग्य क्रम मला माझ्याच एका लेखाचे चार मसुदे वाया घालवून कळला, म्हणून उदाहरणही त्याच लेखाचे घेतो. आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती गळ्यात घेऊन एकेका माणसाने दोन-दोन तास उभे राहायचे आणि पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची, असा नेम असतो, आणि पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अशाच एका रात्रीच्या पहाऱ्यावर उभा असताना, तोंडाने 'ज्ञानोबा तुकाराम' चालू आहे आणि आत त्याला काहीही उत्तर येत नाही, हे मला पहिल्यांदा स्पष्ट जाणवले. लेख त्या रात्रीचा आहे.

१. संशय नेमका कशाविषयी आहे, ते एका वाक्यात लिहून काढा

ही पायरी सर्वांत जास्त जण वगळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. 'माझा देवावर विश्वास उरला नाही' असे लिहून पाठवलेल्या लेखात प्रत्यक्षात कीर्तनकाराने मागितलेल्या बिदागीचा राग असतो, पंगतीत कोणाला कुठे बसवले त्याची चीड असते, किंवा चुलत्याने माळ घालूनही बांध कोरला याचा संताप असतो. हे सगळे लिहिण्याजोगे आहे, पण तो देवाविषयीचा संशय नव्हे. माणसांवरचा राग देवाच्या नावावर खपवला, की घरातला श्रद्धावान वाचक लगेच म्हणतो, "अरे, ते तर आम्हालाही पटत नाही," आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. एखाद्या मुद्द्यावर प्रश्न पडला तर ती शंका. मन दोन्हीकडे हेलकावत असेल तर तो संशय. श्रद्धा होती आणि आता नाही, हे शांतपणे म्हणता येत असेल तर ती अश्रद्धा. नास्तिक हा शब्द एका विचाराने घेतलेल्या भूमिकेचा आहे, आणि अंधश्रद्धा हा शब्द तर तुमच्या मनाविषयी काहीच सांगत नाही, तो दुसऱ्याविषयीचा निकाल असतो. साताऱ्यात हा फरक विशेष सांभाळावा लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे, त्यामुळे संशयाविषयी कोणी चार ओळी लिहिल्या की 'हा अंनिसवाला झाला' असे समजून वाचक पुढचे वाचत नाही. तुम्ही त्या चळवळीत असाल तर तसे उघड लिहावे. नसाल, तर तिचे शब्द उसने घेऊ नयेत, कारण त्या शब्दांमागे एक वेगळे काम आणि वेगळा युक्तिवाद आहे.

माझे पहिले वाक्य होते, 'मला कर्मकांड पटत नाही.' ते खोटे होते. काकड्याचे सूर मला आजही आवडतात, आणि दिंडीत चालायला माझी ना नाही. तिसऱ्या दिवशी जे वाक्य हाती लागले ते असे: 'नाम घेताना कोणी ऐकत आहे असे मला वाटत नाही, आणि ते मला दादांना सांगता आलेले नाही.' दादा म्हणजे माझे वडील. पुढचा सगळा लेख या दोन अर्धवाक्यांतून आला.

*तपासणी:* वाक्यातला 'देव' हा शब्द काढून तिथे 'गावची पंच कमिटी' घालून पाहा. तरीही वाक्य तसेच खरे राहत असेल, तर तुमचा विषय दुसरा आहे.

२. वहीत तीन रकाने पाडा, आणि निदान महिनाभर लेख सुरू करू नका

पहिल्या रकान्यात तुम्ही स्वतः पाहिलेले, दुसऱ्यात घरात ऐकलेले, तिसऱ्यात तुम्हाला वाटलेले. एक प्रसंग, एक पान. सुरुवातीला तिसरा रकाना भराभर भरतो आणि पहिला रिकामा राहतो. तो रिकामा रकाना पाहून लाज वाटली पाहिजे. मला वाटली. वडिलांच्या भक्तीवर मी दीड पान लिहिले होते, पण पूजेला बसताना ते घोंगडीवर बसतात की पाटावर, हे मला आठवेना.

'ऐकलेले' हा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण असे, की श्रद्धाळू घरातल्या आठवणींमध्ये घडलेली गोष्ट आणि सांगितली गेलेली गोष्ट यांची सरमिसळ झालेली असते. आजोबांच्या पायातला काटा वारीत आपोआप निघाला, ही हकिकत मी लहानपणापासून इतकी ऐकली आहे, की तो काटा मी पाहिल्यासारखे वाटते. ती हकिकत लेखात येऊ शकते, मात्र 'आमच्या घरात सांगतात' अशी. ती खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही आणि साक्षीदार होण्याचीही नाही.

संशयाला एकच मोठे कारण शोधण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. कोणाचा तरी मृत्यू, फसलेला नवस, न बरा झालेला आजार. लेखाला असे कारण सोयीचे वाटते, कारण त्याने गोष्टीला एक वळण मिळते. पण वहीतली पाने तारखांप्रमाणे लावली की बहुधा दिसते, की मृत्यूच्या आधीच दोन-तीन वर्षे हरिपाठाला दांडी मारणे सुरू झालेले होते. कारण सापडले नाही, तर सापडले नाही असेच लिहावे. माझ्या बाबतीत ते सापडले नाही.

३. श्रद्धेचे तपशील श्रद्धावानाइतके अचूक ठेवा

एका लेखात तुकोबारायांची पालखी लोणंदला मुक्कामी आली होती. लोणंदला येते ती माउलींची पालखी. नीरा नदीत पादुकांचे स्नान झाले की ती सातारा जिल्ह्यात येते, लोणंदनंतर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते, मग तरडगाव, फलटण, बरड असा मार्ग धरून ती सोलापूर जिल्ह्यात जाते. तुकोबारायांची पालखी बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते. लेखकाने हे सहज चुकवले होते, आणि त्याच लेखात पुढे त्याने 'मी लहानपणापासून हे सगळे जवळून पाहिले आहे' असेही म्हटले होते. वारी केलेला वाचक त्या वाक्याशी थांबतो. ज्याला पालखी ओळखता येत नाही, त्याचा संशय तो गंभीरपणे का घेईल?

दुसरे एक उदाहरण याहून बारीक आहे. एकादशीच्या रात्री देवळात महाप्रसादाच्या पंगती उठल्या आणि आपण भाताचा पहिला घास घेताना ढोंग उमगले, असे एकाने लिहिले होते. माळकरी गावात एकादशीला भाताची पंगत बसत नाही. पारणे दुसऱ्या दिवशी, द्वादशीला सुटते. सप्ताहाचा महाप्रसाद असेल तर तो काल्याच्या कीर्तनानंतरचा. प्रसंग खरा असेलही, पण दिवस चुकला आणि कळसाचाच क्षण बनावट ठरला.

तपासायला फार काही लागत नाही. वर्ष आठवत असेल तर त्या वर्षीच्या पंचांगात तिथी मिळते. सप्ताहाची छापील पत्रिका बहुतेक घरांत कुठल्यातरी पोथीत खूण म्हणून ठेवलेली सापडते, आणि तिच्यावर काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर यांच्या वेळा आणि कीर्तनकारांची नावे असतात. आमच्या घरची पत्रिका ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात होती.

*इशारा:* संतांच्या ओळी स्वतःच्या बाजूने वकील म्हणून उभ्या करू नका. 'माझे लेखी देव मेला' ही तुकोबांची ओळ अशा निम्म्या लेखांत येते. ती ओळ देवाशी भांडणाऱ्या भक्ताची आहे, आणि भांडायला समोर कोणीतरी असावे लागते. समोर कोणीच नाही असे तुमचे म्हणणे असेल, तर ती ओळ तुमच्या विरुद्ध साक्ष देते. घरात तुम्हाला 'संशयात्मा विनश्यति' ऐकवले जाईल, तेव्हाही दुसरा श्लोक शोधून परतवू नये. गीतेच्या चौथ्या अध्यायातले हे वचन तुम्हाला कोणी, कुठल्या प्रसंगी, कोणत्या आवाजात ऐकवले, तेवढे लिहावे.

४. लिहिण्याआधी घरच्यांना विचारा, पण तुमच्या संशयाविषयी विचारू नका

बहुतेक जण एकतर काहीच विचारत नाहीत, किंवा थेट वाद उकरून काढतात. वादात माणूस त्याच्या घरातले बोलत नाही, कीर्तनात ऐकलेले बोलतो. 'दादा, तुम्ही देव मानता तर मग दुष्काळ का पडतो?' असे विचारल्यावर मला जे उत्तर मिळाले, ते मी लाऊडस्पीकरवर पूर्वी ऐकलेले होते.

प्रश्न कृतीविषयी असावा. माळ कधी घातली, कोणाच्या हातून, त्या दिवशी घरात काय चालले होते, पहिल्या वर्षी काय अवघड गेले. वेळही पाहावी लागते. एकादशीला, पारायणाच्या दिवसांत किंवा वारीच्या तोंडावर विचारू नये. त्या दिवसांत घरातला माणूस सेवेत असतो आणि त्याला ती परीक्षा वाटते. मी भुईमूग फोडायला बसलो असताना विचारले. माळ घालून काय मिळाले, असा माझा प्रश्न होता. दादा म्हणाले, "मिळायचं काय त्यात? बैलाला येसण आसती का न्हाई, तशी जिभंला येसण घातली. आधी लय वंगाळ बोलायचो मी. तुझ्या आईला इचार."

या उत्तरात देव नाही, स्वर्ग नाही, पुण्यही नाही. माझ्या तिन्ही मसुद्यांत वडिलांची श्रद्धा म्हणजे पंढरीच्या विठोबावरचा भाबडा विश्वास, असे मी लिहून बसलो होतो, आणि इथे माणूस स्वतःच्या जिभेविषयी बोलत होता. तुमच्या संशयाचे उत्तर घरच्यांच्या श्रद्धेत नसते, आणि त्यांची श्रद्धा तुमच्या संशयाचे उत्तर म्हणून तयारही झालेली नसते. दोन्ही गोष्टी लेखात एकमेकींशेजारी राहू शकतात.

बोलणे त्याच रात्री वहीत उतरवावे, आणि बोलीतच. 'जिभेवर नियंत्रण आले' असे प्रमाण मराठीत सुधारून घेतले की माणूस निघून जातो आणि सुविचार उरतो. मात्र उलटी चूकही दिसते. फक्त श्रद्धाळू माणसांची वाक्ये बोलीत आणि संशयी लेखकाची स्वतःची वाक्ये स्वच्छ प्रमाण भाषेत, असा लेख झाला की न बोलता एक उतरंड तयार होते. मीसुद्धा घरी दादांशी 'न्हाई' आणि 'नगं' असेच बोलतो, तेव्हा लेखातही तसेच बोलायला हवे.

५. पहिला मसुदा: स्वतःची लबाडी आधी

आता लिहायला बसा, आणि पहिल्या दोन पानांत तुमचा स्वतःचा खोटेपणा येऊ द्या. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. संशयी माणूस श्रद्धाळू घरात वर्षानुवर्षे काही ना काही लपवत असतो, आणि घरच्यांचा दांभिकपणा दाखवणाऱ्या लेखात त्या लपवण्याचा उल्लेखही नसेल, तर लेख अर्धाच खरा असतो.

माझी लबाडी क्षुल्लक वाटेल, पण ती चार वर्षे चालली. मी सांगलीला शिकत होतो. अकरावीपासून गळ्यात माळ होती. रूमवर राहायला लागल्यावर महिन्याभरात मी बसस्थानकाजवळच्या गाड्यावर अंडाभुर्जी खाल्ली, आणि खाण्याआधी माळ काढून कंपासपेटीत ठेवली. पुढे तसा नेमच झाला. शनिवारी गावी जाणाऱ्या गाडीत बसलो की पेटी उघडायची आणि माळ घालायची. या पेटीचा उल्लेख पहिल्या तीन मसुद्यांत नव्हता. तिथे होते ते असे वाक्य: 'आमच्या घरात श्रद्धेच्या नावाखाली मोकळेपणाने बोलण्याची सोय नव्हती.' चौथ्या मसुद्यात ते काढून त्या जागी पेटी घातली. मोकळेपणाने बोलण्याची सोय होती की नव्हती, हे मला माहीतच नव्हते. मी एकदाही बोलून पाहिले नव्हते.

यानंतर मुख्य प्रसंग. तो घडला त्या क्रमाने, त्या वेळी जे ठाऊक होते तेवढ्याच ज्ञानाने लिहावा. पहाऱ्यावर उभे असताना मला थंडी वाजत होती, वीणेचा पट्टा मानेला काचत होता, समोर दोन म्हातारी माणसे बसल्या जागी पेंगत होती आणि समईत तेल कमी होते. नामाला आतून उत्तर येत नाही, हे जाणवल्यावर मला मुक्त वगैरे काही वाटले नाही. आता वीणा कोणाला द्यायची, एवढाच प्रश्न पडला. पहारा संपायला वेळ होता. मी उभा राहिलो आणि नाम घेत राहिलो. त्या उभे राहण्याला आज मी काय नाव देईन, हा विचार या टप्प्यावर लेखात आणला असता तर प्रसंग तिथेच संपला असता, म्हणून तो नंतरच्या पानावर ढकलला.

*तपासणी:* मसुद्यातली 'मला कळून चुकले', 'माझे डोळे उघडले', 'तेव्हा जाणवले की खरा देव माणसात असतो' ही वाक्ये शोधा. त्यातले तिसरे तर पाठ केलेले असते. ज्या वयात ते कळले असे लिहिले आहे त्या वयात खरोखरच कळले होते का, हे वहीच्या पहिल्या रकान्याला विचारा.

६. शब्दांची छाननी

अपमान बहुतेक वेळा मतातून होत नाही, विरामचिन्हांतून होतो. 'प्रसाद', 'साक्षात्कार', 'महाराज' या शब्दांना अवतरणचिन्हांत घातले, की प्रत्येक वेळी लेखक बाजूला उभा राहून हसतो आहे असे दिसते. ती सगळी चिन्हे काढून टाकावीत. प्रसाद म्हणजे प्रसाद; तो देवाने दिला असे तुम्ही मानता, असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. 'तथाकथित' हा शब्दही काढावा. आणि मराठीतला सर्वांत बारीक चिमटा म्हणजे 'म्हणे'. 'विठ्ठल म्हणे विटेवर अठ्ठावीस युगे उभा आहे' या वाक्यात टिंगल करणारा शब्द फक्त तेवढाच आहे. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मला अकरा 'म्हणे' सापडले.

'माउली' या शब्दाने मला बरेच दिवस अडवले. घरात आणि दिंडीत सगळे माउलीच म्हणतात, आणि क्रियापदही स्त्रीलिंगी येते: माउली आली, माउली निघाली. ज्याला आता तसे वाटत नाही, त्या निवेदकाने काय लिहावे? 'ज्ञानेश्वरांच्या पादुका असलेली पालखी' असे लिहिले की परगावच्या बातमीदाराने लिहिल्यासारखे होते. मी असे ठरवले, की घरच्या आणि गावच्या प्रसंगांत निवेदनातही माउलीच येईल, कारण मी त्या भाषेत वाढलो आणि ती भाषा मी सोडलेली नाही. आजच्या, वयाने मोठ्या निवेदकाच्या परिच्छेदांत ज्ञानेश्वर येतील. दुसरे कोणी वेगळे ठरवेल. ठरवलेले मात्र शेवटपर्यंत पाळावे, कारण मधेच बदल झाला की वाचकाला तो हेतुपुरस्सर वाटतो.

७. दुसऱ्याचे गुपित वेगळे काढा

तुमचा संशय तुमचा आहे. तो तुम्ही छापू शकता. घरातल्या इतरांनी मोडलेले नेम त्यांचे आहेत. घरातल्या एकाने चोरून मोडलेला नेम मला ठाऊक होता आणि लेखात ते फार शोभले असते. ते लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. गुपित कोणते, हे ठरवण्याची एक साधी कसोटी आहे: ही गोष्ट छापून आल्यावर देवळाच्या पायरीवर कोणाला उत्तर द्यावे लागेल? मला लागणार असेल तर राहू द्या, दुसऱ्याला लागणार असेल तर त्याला विचारा किंवा गाळा.

दीड-दोन हजार वस्तीच्या गावात नाव बदलून काही लपत नाही. 'आमच्या गावातले विणेकरी' एवढे म्हटले तरी पाच गावांना माणूस कळतो. लपवायचे असेल तर तो प्रसंगच वगळावा लागतो. तालुका बदलणे, दोन माणसांचा एक माणूस करणे असले फेरफार केले तर तसे सुरुवातीला एका ओळीत सांगावे, नाहीतर सत्यकथन म्हणून दिलेला लेख कथा होतो. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर लेख वर्षभर थांबवण्यात काहीही कमीपणा नाही. दिवाळी अंक पुढच्या वर्षीही निघतो.

८. छापण्याआधी वाचून दाखवा

आधी घराबाहेरच्या एखाद्या माळकरी माणसाला, मग घरी. बाहेरच्या माणसाला एवढेच विचारावे, की यात श्रद्धेविषयी चुकीचे काय लिहिले आहे. लेख आवडला का, हे विचारू नये; तो तुम्हाला दुखवायचे नाही म्हणून हो म्हणेल.

घरी वाचताना कागद हातात देऊ नका, मोठ्याने वाचा. स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नाही ते वाक्य लेखात राहू नये, एवढा त्याचा उपयोग होतोच. कोणत्या गोष्टी बदलायला तयार आहात आणि कोणत्या नाही, हे आधी वहीत लिहून ठेवा. वस्तुस्थितीची चूक दाखवली तर लगेच सुधारायची. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीवर हरकत आली तर ती काढायची. तुमच्या मनात काय झाले, त्यावर हरकत आली तर ऐकून घ्यायची आणि वाक्य तसेच ठेवायचे. हे आधी ठरवले नसेल, तर आईच्या डोळ्यांत पाणी आल्याबरोबर तुम्ही नेमके तिसऱ्या प्रकारचे वाक्य खोडता, आणि लेख परत भाबडा होतो.

मी ओसरीवर वाचले. कंपासपेटीच्या परिच्छेदाला आई उठून आत गेली. दादा शेवटपर्यंत बसले. मग म्हणाले, "पाटंच्या दोनचा पहारा लिवलाईस, तो बारा ते दोनचा हुता. दोनला तुझा चुलता आलता बदलीला, मीच धाडला हुता त्याला." थोड्या वेळाने म्हणाले, "पटत न्हाई तर नगं म्हणू. पर त्या रातीला इना खाली ठेवली न्हाईस, ते लिवलंस का?" ते लिहिलेले होते, पण इतके पुसट की ऐकताना कळले नव्हते. वेळ सुधारली, आणि ते वाक्य स्वतंत्र परिच्छेदात आणले. दादा त्याचा अर्थ वेगळा लावतात, मी वेगळा लावतो. लेखात दोन्ही अर्थ दिलेले नाहीत, फक्त कृती आहे.

९. शेवटचा परिच्छेद बहुधा कापावा लागतो

अशा लेखांचा शेवट दोन ठिकाणी घसरतो. एकात लेखक पंढरपूरच्या गर्दीत डोळे पुसतो आणि 'श्रद्धा असो वा नसो, प्रेम महत्त्वाचे' अशा समेटावर येतो. दुसऱ्यात तो घराकडे पाठ फिरवून शहराच्या गाडीत बसतो. खरोखर तसे घडले असेल तर लिहावे. घडले नसेल तर जिथपर्यंत माहीत आहे तिथेच थांबावे, मग तो शेवट अर्धवट वाटला तरी चालेल. माझा लेख दोन वाजता चुलत्याच्या गळ्यात वीणा घातल्यावर संपतो.

लेख छापून आल्यावर वही फेकू नका. चुका त्यानंतरही निघतात, आणि दुरुस्ती पुढच्या अंकात देता येते. माझ्या वहीतली सर्वांत मोठी चूक दोन वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीने काढली. तोच सप्ताह तिला तिच्या बाजूने लिहायचा होता, म्हणून तिने वही मागून घेतली, आणि पहाऱ्याची यादी मी जिथे उतरवली होती ते पान उघडून विचारले, "सात दिवसांचे चौऱ्यांशी पहारे. यात एकही बाई नाही, हे तू कुठल्या रकान्यात लिहिलं आहेस?" मी तिन्ही रकाने पाहिले. कुठेच नव्हते.